पोटासाठी श्वास: आयबीएसमध्ये शिथिलीकरण कसं करायचं आणि त्यातून किती आराम मिळतो

डोंबिवलीहून रोज सीएसएमटीला जाणारे एक गृहस्थ माझ्याकडे पहिल्यांदा आले, तेव्हा त्यांच्या ऑफिसच्या बॅगेत एक जादा पँट होती. वय ३६, त्रास पाच वर्षांचा. आठच्या सुमाराची फास्ट लोकल पकडायची तर ते पाचला उठत, कारण घर सोडण्याआधी चार वेळा तरी शौचाला जावं लागे. लोकलमध्ये संडास नाही, गर्दीतून मध्येच उतरता येईल याची खात्री नाही. म्हणून सकाळचं खाणं बंद, नुसता चहा. तरीही कधी कधी ठाण्याला उतरून धावावं लागायचं. रक्त, शौच, सोनोग्राफी, कोलोनोस्कोपी, सगळे रिपोर्ट नॉर्मल होते. निदान आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम: तपासणीत काही सापडत नाही, पण पोट दुखतं आणि शौचाची घडी बिघडते. "सगळे सांगतात टेन्शन घेऊ नका," ते म्हणाले, "पण न घेणं म्हणजे नक्की काय करायचं, ते कोणी सांगत नाही."

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पोटविकाराचे डॉक्टर निदान करून पेशंट पाठवतात आणि मी त्यांना श्वास आणि शिथिलीकरण शिकवते. ते 'नक्की काय करायचं' इथे क्रमाने लिहिते आहे. एक गोष्ट आधीच सांगते. हा पोटात कळ आल्यावर घ्यायचा उपाय नाही. पोट शांत असताना रोज गिरवायचं आणि मग हळूहळू अडचणीच्या जागी न्यायचं असं हे कौशल्य आहे. त्याला साधारण १२ आठवडे लागतात आणि फायदा होतो तो मध्यम.

आधी निदान पक्कं हवं

पोटदुखी आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी, तीन महिने, आणि ती शौचाशी जोडलेली: शौचाला गेल्यावर कमी-जास्त होणारी, किंवा शौचाच्या वेळा आणि घट्ट-पातळपणा बदलला की येणारी. आयबीएसचं हे ढोबळ चित्र. पण शौचातून रक्त, आपोआप घटणारं वजन, ताप, रक्तक्षय, झोपेतून उठवणारे जुलाब, पंचेचाळिशी-पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास किंवा घरात कोणाला आतड्याचा कर्करोग, यांतलं काहीही असेल तर श्वासाचा व्यायाम बाजूला ठेवा आणि आधी तपासणी करा. आपल्याकडे आतड्याचा क्षयरोग अजून दिसतो आणि सुरुवातीला तो असाच पोट बिघडल्यासारखा वाटतो. उलट बाजूही आहे. तपासणीत काही नसताना वर्षानुवर्षं 'जुनाट आव' म्हणून अमिबाच्या गोळ्या खाल्लेले लोक मला दर महिन्याला भेटतात.

श्वासाने पोटात काय होतं

गुदाशयात छोटा फुगा फुगवून केलेल्या चाचण्यांमध्ये दिसलं आहे की आयबीएस असलेल्या बऱ्याच जणांना इतरांपेक्षा कमी ताणालाच दुखू लागतं. आतड्यात तेवढंच घडत असतं, पण मेंदूपर्यंत ते मोठ्या आवाजात पोचतं. भीती आणि घाई हा आवाज आणखी वाढवतात. वाढलेली कळ पुन्हा भीती वाढवते.

या साखळीत आपल्याला हात घालता येईल अशा जागा थोड्या आहेत आणि श्वास ही त्यातली सगळ्यात सोपी. श्वास बाहेर सोडताना, मेंदूतून हृदयाकडे आणि आतड्यांकडे जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूच्या प्रभावाने हृदयाची गती किंचित उतरते. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास आणले की हा चढ-उतार सगळ्यात मोठा होतो आणि शरीर धावपळीच्या अवस्थेतून बाहेर येऊ लागतं. याने तुमचं आतडं बदलत नाही. आवाज थोडा खाली येतो, इतकंच.

आधी दोन आठवडे फक्त वही

काहीही सुरू करण्याआधी १४ दिवस रोज रात्री एका ओळीत तीन आकडे लिहा: दिवसातलं सरासरी दुखणं ० ते १० पैकी किती, शौचाला किती वेळा जावं लागलं, आणि पोटाच्या भीतीने आज काय टाळलं किंवा अर्धवट सोडलं. बद्धकोष्ठता असेल तर दुसऱ्या आकड्याऐवजी किती वेळ कुंथावं लागलं ते लिहा. खाणं, गोळ्या, झोप यात या काळात बदल करू नका.

वहीचा आग्रह मी का धरते, ते सांगते. २०१० साली अमेरिकेत ८० आयबीएस पेशंटवर एक प्रयोग झाला. निम्म्यांना उघड सांगून औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. तीन आठवड्यांनी त्यांच्यापैकी ५९ टक्क्यांनी पुरेसा आराम पडल्याचं सांगितलं. ज्यांना गोळ्या दिल्या नव्हत्या, पण तेवढाच वेळ आणि लक्ष दिलं होतं, त्यांच्यातही ३५ टक्क्यांनी तेच सांगितलं. या आजारात नुसती काळजी घेतली जाण्यानेही बरं वाटतं आणि त्रास आपोआप कमी-जास्तही होतो. म्हणून पहिल्या आठवड्यातल्या आनंदावर किंवा निराशेवर निर्णय घ्यायचा नाही. वही बारा आठवड्यांनी खरं सांगते.

डोंबिवलीच्या गृहस्थांची वही अशी होती: दुखणं सरासरी ५, सकाळच्या फेऱ्या ४, आणि दोन आठवड्यांत तीन वेळा ठाण्याला मध्येच उतरणं.

श्वास: पहिला ते चौथा आठवडा

वहीचे दोन आठवडे झाले की आठवडे इथून मोजायचे. सकाळी खाण्याआधी आणि संध्याकाळी जेवणाआधी, प्रत्येकी १० मिनिटं. भरल्या पोटी हे करू नका.

सतरंजीवर उताणं झोपा, गुडघे वाकवून पावलं जमिनीवर. एक हात छातीवर, एक बेंबीच्या वर. कंबरेचा पट्टा, नाडी सैल करा. पहिलं मिनिट काहीही न बदलता श्वास नुसते मोजा. बहुतेकांचे १२ ते १८ भरतात, या गृहस्थांचे १७ होते.

आता नाकाने, मनात तीनपर्यंत मोजत श्वास घ्या आणि चारपर्यंत मोजत सोडा. चार-पाच दिवसांनी हे आरामात जमलं की चार मोजून घ्या, सहा मोजून सोडा. म्हणजे मिनिटाला सहा श्वास झाले. याहून हळू जायची गरज नाही. मध्ये श्वास रोखायचा नाही.

बहुतेकांचं चुकतं ते श्वासाच्या आकारात. 'दीर्घ श्वास' हा शब्द ऐकला की माणूस छाती फुगवून भरपूर हवा आत ओढतो. आपल्याला श्वास हळू हवा आहे, मोठा नको. मोगऱ्याचा गजरा हातात घेऊन अलगद वास घ्यावा, तेवढाच. शेजारी बसलेल्याला तुमचा श्वास ऐकू आला तर तो मोठा झाला आहे. पहिल्या आठवड्यात आमच्या गृहस्थांना गरगरू लागलं आणि बोटांना मुंग्या आल्या. त्यांना वाटलं बीपी वाढलं. प्रत्यक्षात ते गरजेपेक्षा जास्त हवा घेत होते, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होत होता. असं झालं की मोजणं सोडून द्या, दोन मिनिटं नेहमीसारखा श्वास घ्या आणि पुन्हा सुरुवात करताना आकार निम्मा करा. तोंडाने हवा गिळत असाल तर ती पोटात जाऊन ढेकर आणि फुगारा वाढवते, म्हणून तोंड मिटलेलं हवं.

दुसरी चूक पोट मुद्दाम वर ढकलण्याची. पोटावरचा हात आपोआप, बोटभर वर यायला हवा. पोट फुगण्याची तक्रार असणाऱ्यांनी इथे जास्त सांभाळा. बार्सिलोनाच्या संशोधकांनी स्कॅन करून दाखवलं आहे की अशा अनेक लोकांचं पोट दिवसभरात फुगतं तेव्हा आत गॅस फारसा वाढलेला नसतो. श्वासपटल खाली दाबलं जातं आणि पोटाची पुढची भिंत सैल सुटते, म्हणून पोट पुढे येतं. हे लोक श्वास घेताना पोट बाहेर काढायला शिकले तर फुगारा वाढू शकतो. त्यांनी श्वास खालच्या बरगड्यांच्या बाजूंना भरू द्यावा, आणि सोडताना बेंबीखालचा भाग हलकेच आत ओढावा. जीन्सचं बटण लावताना ओढतो त्याच्या पाव जोराने. जेवणानंतर फुगत असेल तर खुर्चीत ताठ बसून असे पाच-सहा श्वास चालतील.

बरोबर चाललं आहे हे ओळखायचं कसं? पाच-सहा मिनिटांनी जबडा सुटतो, हात कोमट होतात, तोंडात लाळ येते, कधी पोटात गुडगुड ऐकू येते. झोप लागली तरी हरकत नाही, पण रोजच लागत असेल तर बसून करा.

कपालभाती आणि भस्रिका यांच्याबद्दल मला रोज विचारतात. त्यात पोटाला वेगाने झटके द्यायचे असतात, म्हणजे इथे हवं त्याच्या उलट. पोट बिघडलेल्या काळात मी ते बंद ठेवायला सांगते. ज्यांना आधीपासून प्राणायामाची सवय आहे त्यांनी संथ, न रोखता केलेला प्राणायाम याऐवजी जरूर करावा. दिल्लीच्या एम्समध्ये जुलाबाचा आयबीएस असलेल्या २२ पुरुषांवर याचा अभ्यास झाला होता, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला जुलाब थांबवणारं लोपेरामाइड आणि दुसऱ्याला आसनं व उजव्या नाकपुडीने प्राणायाम, असं दोन महिने दिलं. त्रास दोन्ही गटांत कमी झाला. माणसं अगदी थोडी आहेत, त्यामुळे यावरून योग औषधाइतकाच चांगला असं म्हणता येणार नाही. करून पाहण्यासारखा आहे, एवढं नक्की म्हणता येतं.

अंग सैल सोडणं

तिसऱ्या आठवड्यापासून संध्याकाळच्या सत्रात याची दहा मिनिटं जोडा. ही पद्धत एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांची, शंभर वर्षांच्या आसपास जुनी. एकेक स्नायू पाच सेकंद अर्ध्या जोराने आवळायचा, मग एकदम सोडून वीस सेकंद तो कसा सुटतो ते पाहायचं. मुठी, खांदे, कपाळ आणि जबडा, पोट, नितंब, मांड्या, पावलं, या क्रमाने.

पोट आणि नितंबांवर मी जास्त वेळ घालवते. सतत घाईच्या भीतीत असलेला माणूस ओटीपोटाचा तळ दिवसभर आवळून बसतो आणि त्याला ते कळतही नाही. एकदा लघवी अडवल्यासारखं हलकेच आवळा, सोडा, आणि सोडल्यानंतर अजून सोडता येतं का ते पाहा. बद्धकोष्ठतेच्या पेशंटना पुष्कळदा इथेच पहिला उलगडा होतो. जोर लावताना ते दार उघडण्याऐवजी बंद करत असतात. त्यांनी कमोडवर बसताना पायांखाली छोटं स्टूल घ्यावं, कोपरं मांडीवर टेकवावीत आणि श्वास रोखून कुंथण्याऐवजी लांब सोडावा. दहा मिनिटांत झालं नाही तर उठावं. यानेही जमत नसेल तर गुदद्वाराच्या स्नायूंची वेगळी चाचणी आणि बायोफीडबॅक, म्हणजे यंत्रावर स्नायूंचं काम बघत ते सोडायला शिकणं, लागतं. नुसत्या शिथिलीकरणाने ते सुटणार नाही.

कळ येते त्या क्षणी

पाचव्या आठवड्यापासून हे कौशल्य खऱ्या जागी न्यायचं. त्याआधी नाही. घाईत पहिल्यांदाच श्वास मोजायला गेलात तर तो फसतो आणि मग त्यावरचा विश्वासच उडतो.

चहा-नाश्ता पोटात गेला की मोठं आतडं आकुंचन पावतं. प्रत्येकाचंच पावतं, आयबीएसमध्ये ते जास्त जाणवतं. ही कळ लाटेसारखी असते. चढते, टोकाला जाते आणि बऱ्याचदा एक-दोन मिनिटांत ओसरते. दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्या वेळी धावत जाऊन चमचाभरच होत असेल, तर त्या फेऱ्यांवर काम करता येतं. खरे पाण्यासारखे जुलाब होत असतील तर सरळ जा, तिथे अडवण्यात अर्थ नाही. बद्धकोष्ठतेवाल्यांनी तर आलेली कळ कधीच दाबू नये.

सराव घरीच, संडासाच्या दारापासून चार पावलांवर. पहिल्यांदा शौचाला जाऊन आल्यावर पुन्हा कळ आली की उभे राहू नका, खुर्चीत बसा. खांदे आणि जबडा सोडा. गुदद्वार आपलं काम करतं, त्यासाठी सगळं अंग आवळावं लागत नाही. सहा मोजत श्वास सोडा, असं पाच वेळा. मग विचारा: लाट चढते आहे की उतरते आहे? उतरत असेल तर आणखी पाच. चढत असेल तर चालत जा, धावत नको. पहिल्या आठवड्यात दोन मिनिटं थांबणं पुरे, मग पाच, मग दहा.

आमच्या गृहस्थांना तिसऱ्या आठवड्यापर्यंत पोटात काहीच फरक नव्हता, झोप मात्र सुधारली होती. ते सोडून द्यायच्या बेतात होते. पाचव्या आठवड्यात एका रविवारी त्यांच्यासमोर एक लाट आली आणि पाचव्या-सहाव्या श्वासाला ओसरली. "मला माहीतच नव्हतं की ती परत जाते," ते म्हणाले. पाच वर्षांत त्यांनी एकदाही थांबून पाहिलं नव्हतं.

ताणाचं काय करायचं

नोकरी, कर्ज, घरातलं आजारपण श्वासाने जात नाही. मी पेशंटना ताणाची यादी करायला सांगत नाही. वहीतला तिसरा आकडा, म्हणजे भीतीने काय टाळलं, तो बघायला सांगते. उपाशी निघणं, रस्त्यातले संडास आठवत बसणं, लग्नाला न जाणं, जादा पँट. अशी प्रत्येक गोष्ट त्या दिवसापुरती सुटका करते आणि 'पोट धोक्याचं आहे' हा धडा पक्का करते.

मग शिडी करायची, आणि एका वेळी एकच पायरी. यांची अशी होती: रविवारी दुपारी स्लो लोकलने डोंबिवली ते कोपर, मग दिवा, मग ठाणे. सातव्या आठवड्यात रविवारीच फास्टने थेट ठाणे, जवळपास वीस मिनिटं. मग कामाच्या दिवशी तेच, आधी अर्धी पोळी खाऊन. पँट बॅगेतून काढणं सगळ्यात शेवटी. प्रत्येक पायरी भीती निम्म्यावर येईपर्यंत, तीन-चार वेळा. गाडीत श्वास मोजायचे ते कळ आल्यावर नाही, तर दार बंद व्हायच्या आधीपासून, म्हणजे फलाटावर उभं असतानाच.

किती फायदा धरायचा

या विषयात ब्रिटनचा एक मोठा अभ्यास मला उपयोगी वाटतो, २०१९ साली प्रसिद्ध झालेला. औषधांनी पुरेसा फरक न पडलेले ५५८ पेशंट त्यात होते. काहींना फोनवरून थेरपिस्टने आयबीएससाठीची वर्तनोपचार पद्धत शिकवली, काहींना वेबसाइटवरून, बाकीच्यांचे नेहमीचे उपचार चालू ठेवले. त्रास ५०० पैकी गुणांत मोजला. सुरुवातीला सरासरी २६५ होती. वर्षाने नेहमीच्या उपचारांवरचे लोकही २०५ च्या आसपास आले. फोनवरचे त्यांच्यापेक्षा ६२ गुणांनी आणि वेबसाइटवरचे ३५ गुणांनी आणखी खाली होते. पेशंटला फरक जाणवायला साधारण ५० गुण लागतात. म्हणजे हा फायदा खरा आहे, पण सरासरी त्रास शून्याच्या जवळही गेला नाही. शिवाय त्या उपचारात शिडी, विचारांवर काम असं सगळंच होतं. नुसत्या श्वास-शिथिलीकरणाचे अभ्यास छोटे आहेत आणि त्यांचे निकाल एकसारखे नाहीत. म्हणूनच मी शिडीशिवाय नुसता श्वास शिकवत नाही.

माझ्या अनुभवात आधी झोप आणि भीती सुधारते, मग घाई, मग दुखणं. फुगारा आणि बद्धकोष्ठता सगळ्यात हट्टी. कोणत्या पदार्थाने पोट बिघडतं ते श्वासाने बदलत नाही. बारा आठवडे, आठवड्यातले पाच दिवस तरी सराव करूनही वहीतले तिन्ही आकडे जागचे हलले नसतील तर ही पद्धत तुमच्यासाठी पुरेशी नाही. त्यात तुमचा दोष नाही. पुढे आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली लो-फॉडमॅप आहार, म्हणजे आतड्यात आंबून गॅस करणारे पदार्थ काही काळ कमी करणं, आहे, मानसोपचारतज्ज्ञाकडची वर्तनोपचार पद्धत किंवा पोटाकेंद्रित संमोहन आहे, कमी डोसातलं अमिट्रिप्टिलिनसारखं औषध आहे. सुरू असलेल्या गोळ्या मात्र श्वास जमला म्हणून स्वतःहून बंद करू नका. आणि डोळे मिटून अंग सैल सोडलं की काहींची घाबरगुंडी वाढते, जुन्या आठवणी वर येतात. त्यांनी डोळे उघडे ठेवून, चालता चालता सराव करावा. तरीही तसंच होत राहिलं किंवा मन सतत उदास असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं.

बाराव्या आठवड्यात डोंबिवलीच्या वहीत दुखणं ५ वरून साडेतीन, सकाळच्या फेऱ्या चारवरून दोन, आणि शेवटच्या पंधरवड्यात ठाण्याला उतरणं शून्य होतं. पुढच्या मार्चमध्ये ऑफिसात ऑडिट आलं आणि आठ दिवस सगळं पूर्वीसारखं झालं. त्यांनी सकाळ-संध्याकाळची दहा मिनिटं, जी एव्हाना सुटली होती, पुन्हा सुरू केली. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात घडी बसली. आता महिन्यातून एक-दोन दिवस वाईट जातात. त्या दिवशी ते स्लो लोकलने जातात. पँट अजून आहे, पण बॅगेत नाही, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये.